किंमत न काढता संख्यांचा क्रम कसा लावायचा? मुळं, घात आणि वैज्ञानिक लेखन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘चढत्या क्रमाने लिहा’ असं सांगून √70, ∛400, 2³, 0.083 × 10² अशा संख्या एका ओळीत दिल्या, की बहुतेकांचा हात आधी कॅल्क्युलेटरकडे जातो. तो नसेल तर प्रत्येक संख्येची दशांश किंमत काढायची खटपट सुरू होते. ती खटपट सहसा लागतच नाही. आठवी-नववीपासून स्पर्धा परीक्षांपर्यंत या प्रकारच्या गणितांवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

किंमतच माहीत नसेल, तर कोण मोठं ते कसं कळणार?

क्रम लावायला किंमत लागत नाही. दोन संख्यांपैकी मोठी कोणती, एवढंच ठरवावं लागतं आणि ते काम बरंच सोपं आहे. √70 ची दशांश किंमत लिहायला घेतली तर ती कधी संपणारच नाही. पण 64 < 70 < 81 हे आपल्याला पाढ्यांतून माहीत आहे, म्हणून √70 हे 8 आणि 9 यांच्या मध्ये असणार. तसंच 343 < 400 < 512, म्हणून ∛400 हे 7 आणि 8 यांच्या मध्ये. आता ∛400 हे 8 च्या अलीकडे आणि √70 हे 8 च्या पलीकडे आहे. निकाल लागला: ∛400 < 8 < √70. दोघांचीही किंमत आपण काढली नाही.

इथे 8 ने जे काम केलं त्याला मी ‘मधली संख्या’ म्हणेन: जिच्या एका बाजूला पहिली आणि दुसऱ्या बाजूला दुसरी संख्या आहे हे खात्रीने सांगता येतं, अशी ओळखीची संख्या. मधली संख्या सापडली नाही, तर दुसरा मार्ग म्हणजे दोन्ही संख्यांना एकाच रूपात आणणं: सारखं मूळ, सारखा पाया, सारखा घातांक किंवा 10 चा सारखा घात. पुढची जवळपास सगळी उत्तरं या दोन मार्गांपैकी एकानेच जातात.

मुळांसाठी पाठ काय असावं लागतं?

1 ते 20 चे वर्ग आणि 1 ते 10 चे घन पुरेसे आहेत. 11 आणि 12 चे घन, म्हणजे 1331 आणि 1728, माहीत असले तर आणखी बरं. उदाहरणार्थ √150 आणि ∛1700 घ्या. 150 हे 144 पेक्षा मोठं, म्हणून √150 हे 12 च्या पुढे. 1700 हे 1728 पेक्षा लहान, म्हणून ∛1700 हे 12 च्या मागे. करणीखालची 1700 ही संख्या कितीतरी मोठी दिसते, तरी घनमूळ मागेच राहिलं.

दोन्ही वर्गमूळंच असतील, पण बाहेर गुणक असतील तर?

गुणक करणीच्या आत घ्या. 3√7 म्हणजे √63 आणि 2√15 म्हणजे √60, म्हणून 3√7 मोठं. आत नेताना गुणकाचा वर्ग होतो हे विसरलं की 3√7 चं √21 होतं आणि क्रम उलटा लागतो. शंका आली तर गुणकावरूनच अंदाज घ्या: √7 हे 2 पेक्षा मोठं, म्हणून 3√7 हे 6 पेक्षा मोठं असलंच पाहिजे. √21 तर 5 च्याही आत आहे.

एक वर्गमूळ, एक घनमूळ, आणि दोन्ही त्याच दोन पूर्णांकांच्या मध्ये. आता?

हा प्रश्न खरा कस लावणारा आहे, म्हणून एक उदाहरण सावकाश पाहू: √50 आणि ∛350.

√50 हे 7 च्या जरा पुढे, कारण 7² = 49. ∛350 हेही 7 च्या जरा पुढे, कारण 7³ = 343. दोघंही 7 आणि 8 यांच्या मध्ये, त्यामुळे पूर्णांकाची मधली संख्या इथे उपयोगी नाही. अनेक विद्यार्थी इथे असा विचार करतात: 50 हे 49 च्या फक्त 1 ने पुढे आहे, 350 मात्र 343 च्या 7 ने पुढे आहे, म्हणजे ∛350 मोठं. हा विचार चुकीचा आहे आणि का चुकीचा आहे ते समजून घेण्यासारखं आहे. 7 पासून 8 पर्यंत जाताना वर्ग 49 वरून 64 वर जातो, म्हणजे 15 ची वाट. घन मात्र 343 वरून 512 वर जातो, म्हणजे 169 ची वाट. 15 पैकी 1 म्हणजे पंधरावा भाग झाला. 169 पैकी 7 म्हणजे साधारण चोविसावा भाग. तेव्हा √50 च जास्त पुढे सरकलेलं दिसतं.

पण ‘दिसतं’ म्हणजे सिद्ध झालं असं नाही. वर्ग आणि घन सारख्या चालीने वाढत नाहीत, त्यामुळे वाटेच्या हिश्शावरून मिळतो तो केवळ इशारा. पक्कं उत्तर हवं तर दोन्ही संख्यांचा असा घात घ्या की दोन्ही मुळं एकदम सुटतील. 2 आणि 3 यांचा लसावि 6, म्हणून सहावा घात. √50 चा सहावा घात 50³ = 1,25,000 आणि ∛350 चा सहावा घात 350² = 1,22,500. म्हणून √50 मोठं.

घात घेतल्यावर क्रम का बदलत नाही, हेही विचारलं जातं. दोन धन संख्यांपैकी मोठीचा वर्ग मोठाच येतो. ज्या चौरसाची बाजू मोठी त्याचं क्षेत्रफळ मोठं, इतकं ते साधं आहे. घनाचं, सहाव्या घाताचं तेच. मात्र ‘धन’ हा शब्द सोडू नका, ऋण संख्यांचं पुढे येणार आहे.

याच रीतीने √2, ∛3 आणि ⁵√5 यांचाही क्रम लावून पाहा. √2 आणि ∛3 चे सहावे घात 8 आणि 9 येतात. ⁵√5 आणि √2 चे दहावे घात 25 आणि 32. म्हणून ⁵√5 < √2 < ∛3. आतली संख्या सर्वांत मोठी असलेलं मूळ इथे सर्वांत लहान ठरलं.

√0.9 म्हणजे 0.3 ना?

नाही. 0.3 चा वर्ग 0.09 आहे. √0.9 हे 0.9 पेक्षाही मोठं आहे, साधारण 0.95.

0 आणि 1 यांच्या मध्ये सगळं उलटं चालतं, कारण 1 पेक्षा लहान संख्येने गुणलं की गुणाकार घटतो. तिथे वर्ग त्या संख्येपेक्षा लहान आणि वर्गमूळ तिच्यापेक्षा मोठं. 0.5 घेतलं तर 0.5² = 0.25, आणि √0.5 हे 0.7 च्या किंचित वर, कारण 0.7² = 0.49. ‘वर्गमूळ काढलं की संख्या लहान होते’ हे वाक्य डोक्यात पक्कं बसलेलं असतं, पण ते 1 पेक्षा मोठ्या संख्यांपुरतंच खरं आहे. म्हणून करणी किंवा घात दिसला की पहिला प्रश्न हाच: आतली संख्या 1 च्या अलीकडे की पलीकडे?

मुळांची बेरीज असेल तर? उदाहरणार्थ √10 + √3 आणि √7 + √6.

√10 + √3 म्हणजे √13 असं करू नका. √9 + √16 = 7 होतात, √25 = 5 होतात, एवढ्यावरून तो मार्ग बंद होतो.

दोन्ही बेरजा धन आहेत, म्हणून दोघींचा वर्ग करा. पहिलीचा वर्ग 13 + 2√30, दुसरीचा 13 + 2√42. 13 दोन्हीकडे आहे, तेव्हा उरलं √30 आणि √42. दुसरी मोठी. आतल्या संख्यांची बेरीज दोन्हीकडे सारखीच आहे. ज्या जोडीतल्या संख्या एकमेकींच्या जवळ, त्या जोडीतल्या मुळांची बेरीज मोठी येते.

वजाबाकीत वर्ग करण्यापेक्षा दुसरी युक्ती बरी. √101 − √100 आणि √100 − √99 यांत मोठी कोणती? प्रत्येक वजाबाकीला त्याच मुळांच्या बेरजेने गुणा आणि भागा. अंशात दोन्हीकडे 1 उरतो. छेदात पहिलीकडे √101 + √100, दुसरीकडे √100 + √99. छेद मोठा तो अपूर्णांक लहान, म्हणून पहिली वजाबाकी लहान. दोन्ही संख्या 0.05 च्या आसपास आहेत, त्यामुळे किंमत काढायची तर दशांश चिन्हापुढे चार स्थळं तरी अचूक काढावी लागली असती.

घातांमध्ये पाया महत्त्वाचा की घातांक?

एकट्या पायावरून किंवा एकट्या घातांकावरून काहीच ठरत नाही. 2⁵⁰, 3³⁰ आणि 5²⁰ घ्या. पाया पाहिला तर 5²⁰ मोठं वाटतं, घातांक पाहिला तर 2⁵⁰. निर्णय लागतो तो दोहोंपैकी एक गोष्ट सारखी केल्यावर.

50, 30 आणि 20 या तिन्हींत 10 सामाईक आहे. 2⁵⁰ म्हणजे (2⁵)¹⁰ = 32¹⁰. 3³⁰ म्हणजे 27¹⁰. 5²⁰ म्हणजे 25¹⁰. आता घातांक सारखे झाले, फक्त पाये पाहायचे: 5²⁰ < 3³⁰ < 2⁵⁰. या संख्यांमध्ये 14 ते 16 अंक आहेत, पण आपलं काम 25, 27, 32 एवढ्यावरच झालं.

घातांक ऋण असेल तर आधी धन घातांकांची तुलना करा आणि निकाल उलटा करा. 2¹⁰ = 1024 आणि 3⁷ = 2187, म्हणून 3⁻⁷ < 2⁻¹⁰.

घातांकांत सामाईक काहीच नसेल तर? 31¹¹ आणि 17¹⁴ चं काय करायचं?

11 आणि 14 यांत सामाईक विभाजक नाही, 31 आणि 17 तर मूळ संख्याच. इथे एकाच रूपात आणणं जमत नाही, म्हणून मधली संख्या शोधायची. 31 च्या शेजारी 32 आहे, 17 च्या शेजारी 16, आणि हे दोन्ही 2 चे घात आहेत.

31¹¹ < 32¹¹ = 2⁵⁵
2⁵⁵ < 2⁵⁶ = 16¹⁴
16¹⁴ < 17¹⁴

तीन पायऱ्या, तिन्ही एकाच दिशेने चढणाऱ्या, म्हणून 31¹¹ < 17¹⁴. या प्रकारातलं हे माझं सर्वांत आवडतं उदाहरण आहे, कारण युक्तीचं मर्म इथे स्पष्ट दिसतं: जी संख्या लहान असावी असं वाटतं तिला वर ढकलायचं, जी मोठी असावी असं वाटतं तिला खाली ओढायचं, आणि तरीही त्यांची जागा बदलली नाही तर सिद्धता झाली.

चूक होते ती दिशेत. 31¹¹ < 2⁵⁵ आणि 17¹⁴ > 2⁵⁶ यांतून निष्कर्ष निघतो. पण समजा एखाद्याने 31 ला खाली 16 पर्यंत ओढलं आणि लिहिलं, ‘31¹¹ > 16¹¹ = 2⁴⁴, आणि 17¹⁴ > 2⁵⁶, म्हणून 17¹⁴ मोठं’. उत्तर बरोबर आलं, तर्क मात्र साफ चुकला. दोन्ही संख्या कशापेक्षा तरी मोठ्या आहेत एवढंच कळलं, त्यावरून त्यांच्या आपसातल्या क्रमाबद्दल काहीच सांगता येत नाही. मधल्या संख्येच्या एका बाजूला ‘पेक्षा लहान’ आणि दुसऱ्या बाजूला ‘पेक्षा मोठी’ हवंच.

2¹⁰ म्हणजे जवळपास 1000, हे वापरून चालतं का?

चालतं, पण ‘जवळपास’ कुठल्या बाजूचं आहे हे लक्षात ठेवून. 2¹⁰ = 1024, म्हणजे 10³ पेक्षा जास्त. म्हणून 2¹⁰⁰ > 10³⁰ हे पक्कं. इथे काही अंदाज नाही, (1024)¹⁰ हे (1000)¹⁰ पेक्षा मोठंच असणार.

आता 2¹⁰⁰⁰ आणि 10³⁰¹ यांची तुलना करा. ‘2¹⁰ ≈ 10³, म्हणून 2¹⁰⁰⁰ ≈ 10³⁰⁰, म्हणून ते 10³⁰¹ पेक्षा लहान’ असं म्हणायचा मोह होतो. ते चूक आहे. 1024 आणि 1000 यांतला फरक 2.4 टक्क्यांचाच, पण शंभर वेळा गुणल्यावर तो साचत जातो: 1.024 चा शंभरावा घात सुमारे 10.7 होतो. त्यामुळे 2¹⁰⁰⁰ हे साधारण 1.07 × 10³⁰¹ आहे, म्हणजे 10³⁰¹ पेक्षा थोडंसं मोठं.

तर्काने इथे किती पुढे जाता आलं असतं ते पाहा. खालच्या बाजूने 2¹⁰ > 10³, म्हणून 2¹⁰⁰⁰ > 10³⁰⁰. वरच्या बाजूने 2¹³ = 8192 < 10⁴, म्हणून 2¹⁰⁰¹ < 10³⁰⁸. आपली संख्या 10³⁰⁰ आणि 10³⁰⁸ यांच्या मध्ये आहे हे पक्कं झालं, पण 10³⁰¹ ही त्याच पट्ट्यात येते. म्हणजे ही जोडी एवढ्या साधनांनी सुटत नाही. इथे खरोखरच बारीक हिशेब लागतो. तुलना कधी थांबवायची याची खूण हीच: दोन्ही बाजूंनी घातलेल्या मर्यादांमध्ये दुसरी संख्या अडकली, तर मर्यादा आणखी आवळा किंवा हिशेब करा. ‘जवळपास’वर निर्णय देऊ नका.

99¹⁰⁰ मोठं की 100⁹⁹?

99¹⁰⁰. दोघांनाही 99⁹⁹ ने भागा. पहिल्याचे 99 उरतात. दुसऱ्याचा (100/99)⁹⁹ उरतो, म्हणजे 1 + 1/99 चा 99 वा घात. (1 + 1/n)ⁿ हे n कितीही मोठा घेतला तरी 3 च्या पुढे जात नाही, ते 2.718… च्या दिशेने सरकत राहतं. 99 विरुद्ध 3 पेक्षा लहान संख्या, म्हणजे निकाल एकतर्फी आहे. 3 पासून पुढच्या कोणत्याही दोन लागोपाठ पूर्णांकांत असंच होतं, लहान पाया आणि मोठा घातांक जिंकतो: 3⁴ = 81 आणि 4³ = 64. 2 आणि 3 यांचं मात्र उलटं आहे, 2³ = 8 आणि 3² = 9. म्हणून छोट्या संख्यांवर करून पाहिलेला नियम लगेच मोठ्यांना लावू नका.

वैज्ञानिक लेखनात तर सरळ 10 चा घातांक पाहिला की झालं ना?

हो, पण एका अटीवर: पुढचा गुणक 1 किंवा त्याहून मोठा आणि 10 पेक्षा लहान असला पाहिजे. तसं असेल तर घातांक मोठा तीच संख्या मोठी, गुणकाकडे बघायचंही कारण नाही. चंद्राचं वस्तुमान 7.35 × 10²² किलोग्रॅम, मंगळाचं 6.42 × 10²³, पृथ्वीचं 5.97 × 10²⁴, गुरूचं 1.90 × 10²⁷ आणि सूर्याचं 1.99 × 10³⁰. पहिल्या चार संख्यांत गुणक उतरत जातात आणि वस्तुमान मात्र चढत जातं. गुणक कामी येतो तो घातांक सारखा असेल तेव्हाच: बुधाचं 3.30 × 10²³ आणि मंगळाचं 6.42 × 10²³.

लहान संख्यांत घातांक ऋण असतो आणि इथेच घोटाळा होतो. इलेक्ट्रॉनचं वस्तुमान 9.11 × 10⁻³¹ किलोग्रॅम, प्रोटॉनचं 1.673 × 10⁻²⁷. इथे 9.11 मोठं दिसतं, 31 ही मोठं दिसतं, म्हणून इलेक्ट्रॉन जड असं लिहिणारे बरेच भेटतात. पण −31 हे −27 पेक्षा लहान आहे, म्हणून इलेक्ट्रॉन हलका. न्यूट्रॉन 1.675 × 10⁻²⁷ किलोग्रॅमचा आहे. त्याची आणि प्रोटॉनची तुलना मात्र गुणकाच्या तिसऱ्या दशांश स्थळावर ठरते.

अट मोडलेली असेल तर आधी रूप सुधारा. 0.083 × 10² आणि 45 × 10⁻¹ असं दिलं, तर त्यांना 8.3 × 10⁰ आणि 4.5 × 10⁰ असं लिहून मगच तुलना करा.

घातांक बरोबर पाहूनही क्रम चुकला. असं का झालं असेल?

एकक तपासा. पृथ्वीची त्रिज्या 6.37 × 10⁶ मीटर आणि पृथ्वीपासून चंद्राचं सरासरी अंतर 3.84 × 10⁵ किलोमीटर. घातांकांवरून निर्णय दिला तर पृथ्वीची त्रिज्या चंद्राच्या अंतरापेक्षा मोठी ठरेल! दुसरी संख्या मीटरमध्ये 3.84 × 10⁸ आहे. घातांकांची तुलना संख्यांची असते. राशींची तुलना करायची तर एकक आधी सारखं हवं.

वैज्ञानिक लेखनातल्या संख्येचं वर्गमूळ असेल तर?

10 चा घातांक सम करून घ्या, मग तो निम्मा होतो. √(4 × 10⁵) दिसलं की 2 × 10 चा काहीतरी घात असं लिहायची घाई होते, पण 5 चे निम्मे पूर्णांकात येत नाहीत. 4 × 10⁵ ला 40 × 10⁴ असं लिहा. √40 हे 6 च्या पुढे आणि 7 च्या मागे, म्हणून वर्गमूळ 6 × 10² आणि 7 × 10² यांच्या मध्ये. 6 × 10² शी तुलना असेल तर एवढ्यावर उत्तर मिळालं.

ऋण संख्यांचं काय?

ऋण चिन्ह बाजूला ठेवा, क्रम लावा आणि मग तो उलटा करा. √10 > 3, म्हणून −√10 < −3. तसंच −3 × 10⁶ < −4 × 10⁵.

मात्र −3² आणि (−3)² एक नव्हेत. पहिल्यात फक्त 3 चा वर्ग होतो आणि मग चिन्ह लागतं, म्हणजे −9. दुसऱ्यात चिन्हासकट वर्ग होतो, म्हणजे 9. आणि ऋण संख्यांची तुलना करताना दोन्हींचा वर्ग करून क्रम ठरवू नका. −5 < 2 आहे, पण वर्ग केल्यावर 25 > 4.

एक पूर्ण उदाहरण करून दाखवाल का?

चढत्या क्रमाने लावा: (−3)², √70, ∛400, −3², 4√5, 0.083 × 10², 2³.

आधी चिन्हं पाहू. ऋण संख्या एकच आहे, −3² = −9. ती सर्वांत आधी गेली आणि तिच्याकडे पुन्हा बघायचं कारण नाही.

मग जे सरळ सुटतं ते सोडवून घेऊ: (−3)² = 9, 2³ = 8, 0.083 × 10² = 8.3. हे आकडे पुढे मधल्या संख्या म्हणून कामी येतील.

आता मुळं. ∛400 हे 7 आणि 8 यांच्या मध्ये, हे वर पाहिलं. बाकीच्या सगळ्या धन संख्या 8 किंवा त्याहून मोठ्या आहेत, म्हणून ∛400 दुसऱ्या जागी. 4√5 आत नेलं की √80, म्हणजे √70 पेक्षा मोठं आणि √81 = 9 पेक्षा लहान.

उरला एकच प्रश्न: 8.3 आणि √70. दोन्ही 8 आणि 9 यांच्या मध्ये आहेत, म्हणून वर्ग करू. 8.3² म्हणजे 64 + 4.8 + 0.09 = 68.89. हे 70 पेक्षा कमी, म्हणून 8.3 < √70. अख्ख्या गणितात हिशेब म्हणावा असा एवढाच.

−3² < ∛400 < 2³ < 0.083 × 10² < √70 < 4√5 < (−3)²

तपासायचं कसं? सात संख्यांच्या सगळ्या जोड्या तपासायची गरज नाही. शेजारच्या सहा जोड्यांपैकी प्रत्येकीसाठी एक कारण सांगता आलं पाहिजे, बाकीचं आपोआप येतं. इथे ती कारणं अशी: चिन्ह, 400 < 512, 8 < 8.3, 68.89 < 70; 70 < 80; 80 < 81. ज्या जोडीजवळ कारण सुचत नाही आणि ‘वाटतं तसं’ एवढंच म्हणता येतं, तीच जोडी पुन्हा करायची.

उत्तर लिहिताना मूळ रूपच लिहा. 0.083 × 10² च्या जागी 8.3 लिहिलं तर कोणती दिलेली संख्या कुठे गेली हे कळत नाही.

कॅल्क्युलेटर हाताशी असताना हे सगळं कशाला?

काही वेळा कॅल्क्युलेटर चूक सांगतो किंवा काहीच सांगत नाही, म्हणून. बरेच सायंटिफिक कॅल्क्युलेटर 10¹⁰⁰ पासून पुढे एरर दाखवतात. 99¹⁰⁰ ही 200 अंकी संख्या आहे, तेव्हा वरची 99¹⁰⁰ आणि 100⁹⁹ ची तुलना त्यांच्यावर करताच येत नाही.

त्याहून फसवी गोष्ट म्हणजे √(10¹⁶ + 1) आणि 10⁸. करणीखाली 1 जास्त आहे, म्हणून पहिली संख्या मोठी, यात वादच नाही. पण संगणकावर दशांश संख्या सहसा ज्या पद्धतीने साठवल्या जातात, तिच्यात साधारण 15 ते 17 अंकांपर्यंतच अचूकता असते. 10¹⁶ + 1 तिच्यात बसत नाही, शेवटचा 1 गळून जातो आणि दोन्ही संख्या सारख्या दिसतात.

स्प्रेडशीटमध्ये आणखी एक गोष्ट घडते. तिथे 3 × 10⁸ हे 3E8 असं लिहितात, E नंतर येतो तो 10 चा घातांक. 1.67E-27, 3E8, 9.1E-31 अशा नोंदी संख्या म्हणून न जाता मजकूर म्हणून साठवल्या गेल्या, तर चढता क्रम लावताना त्या अक्षरांसारख्या, पहिल्या चिन्हापासून तपासल्या जातात आणि अगदी याच क्रमाने येतात: 1 ने सुरू होणारी आधी, मग 3 ने, मग 9 ने. सर्वांत लहान संख्या सर्वांत शेवटी गेली! E नंतरचे आकडे वरून खाली वाचले, −27, 8, −31, की गडबड लगेच लक्षात येते. त्या रकान्याचं रूप मजकुरावरून संख्येत बदलून क्रम पुन्हा लावा.